यील्ड 2 टक्क्यांनी वाढल्यावर रोख्याची किंमत: ड्युरेशनचा अंदाज कॉन्व्हेक्सिटीने नेमका कसा सुधारायचा?

प्रश्न: 30 वर्षं मुदतीचा, 7% कूपनचा सरकारी रोखा 100 रुपयांना आहे, यील्ड 7%. मॉडिफाइड ड्युरेशन 12.47 आली. यील्ड 9% झालं तर घट 24.94% यायला हवी, पण एक्सेलमध्ये थेट किंमत काढली तर घट 20.64% दिसते. फरक कॉन्व्हेक्सिटीमुळे पडतो असं वाचलं, म्हणून तीही काढली: 502.46. ती सूत्रात घातली तर घट 14.89% येते, म्हणजे दुसऱ्या बाजूला आणखी लांब. माझं चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमची ड्युरेशन बरोबर आहे, सूत्रही बरोबर आहे. चूक कॉन्व्हेक्सिटीच्या एककात आहे. 502.46 ही संख्या सहामाहीत मोजलेल्या कॉन्व्हेक्सिटीला, म्हणजे 1004.93 ला, 2 ने भागून आली आहे. तिथे 4 ने भागायला हवं होतं. बरोबर आकडा 251.23. तो वापरला की घट 19.92% येते. खऱ्या 20.64% पासून ती अजून 0.72 टक्क्याने दूर राहते, पण तो फरक तुमच्या हिशेबातला नाही. पद्धतीचीच मर्यादा आहे ती, आणि यील्ड इतकं हलल्यावर ती नीट समजून घ्यावी लागते.

आधी भागाकार पाहू. सरकारी रोख्यांचं कूपन सहामाही मिळतं, म्हणून तक्ता 60 ओळींचा होतो आणि प्रत्येक ओळीतला काळ सहामाहीत मोजलेला असतो. ड्युरेशनमध्ये काळ एकदाच येतो, म्हणून सहामाहीचं वर्षात रूपांतर करताना 2 ने भागतो. कॉन्व्हेक्सिटीमध्ये काळाला काळानेच गुणलेलं असतं, म्हणून 2 च्या वर्गाने, म्हणजे 4 ने भागायचं. चौरस फुटांचे चौरस यार्ड करताना 3 ने नव्हे, 9 ने भागतो, तसंच हे. ड्युरेशनला 2 ने भागायची सवय झालेली असते आणि हात आपोआप तिथेच जातो.

ही चूक पकडायला अवघड जाते याचं आणखी एक कारण आहे. दुरुस्तीच्या सूत्रात पुढे अर्धा असतो. एखाद्याने 4 ने बरोबर भागलं पण तो अर्धा विसरला, तर त्याचंही उत्तर हुबेहूब 14.89% येतं. दोन वेगळ्या चुका, एकच चुकीचा आकडा. त्यामुळे सहकाऱ्याचं उत्तर तुमच्याशी जुळलं म्हणजे दोघांचं बरोबर, असं इथे धरू नका.

तक्ता एकदा हाताने मांडून पाहा. पहिल्या रकान्यात t, 1 ते 60. दुसऱ्यात रक्कम: 59 ओळींत 3.50, शेवटच्या ओळीत 103.50. तिसऱ्यात आजचं मूल्य, म्हणजे रक्कम भागिले 1.035 चा t वा घात. त्याची बेरीज 100 यायलाच हवी. आली नाही तर पुढे जाऊ नका. चौथ्या रकान्यात आजचं मूल्य गुणिले t, पाचव्यात आजचं मूल्य गुणिले t गुणिले (t+1). चौथ्याची बेरीज 2581.78 येते आणि पाचव्याची 1,07,650. मग:

```
ModD = 2581.78 / (100 * 1.035)   / 2 = 12.47
Conv = 107650  / (100 * 1.035^2) / 4 = 251.23
```

खालचा 1.035 चा वर्ग विसरला तर कॉन्व्हेक्सिटी 269 येते. ही चूक लहान दिसते, म्हणून वर्षानुवर्षं शीटमध्ये राहून जाते. त्याचप्रमाणे भाजक 1.07 नाही, 1.035 आहे. आपल्याकडे रोख्याचं यील्ड सहामाही चक्रवाढीच्या पद्धतीने सांगितलं जातं, म्हणून 7% म्हणजे दर सहामाहीला 3.5%. मॅकॉले ड्युरेशन 12.91 वर्षं आहे. तिला 1.035 ने भागल्यावर 12.47 मिळते. 1.07 ने भागलं तर 12.06 येईल आणि मग कॉन्व्हेक्सिटी कितीही अचूक असली तरी उत्तर जुळणार नाही.

आता या तक्त्यातली शेवटची ओळ जरा जवळून बघा. t = 60, रक्कम 103.50, आजचं मूल्य 13.14 रुपये. म्हणजे रोख्याच्या 100 रुपये किमतीत या ओळीचा वाटा जेमतेम 13 टक्के. पण पाचव्या रकान्यात 13.14 ला 60 आणि 61 ने गुणलं की 48,084 होतात. एकूण 1,07,650 पैकी जवळपास 45 टक्के कॉन्व्हेक्सिटी या एकट्या ओळीतून येते. लांब मुदतीच्या रोख्यात कॉन्व्हेक्सिटीचं एवढं वजन का असतं, ते इथेच दिसतं. मुदतीअखेर मिळणारी मुद्दल काळाच्या वर्गाने मोजली जाते. याच 7% च्या पातळीवर 100 ला असलेल्या 5 वर्षांच्या रोख्याची कॉन्व्हेक्सिटी सुमारे 21 येते, 10 वर्षांच्या रोख्याची 64 आणि 30 वर्षांच्या रोख्याची 251. हे तीन आकडे लक्षात ठेवले तर 502 समोर येताच शंका येईल.

आता दुरुस्ती. सूत्र तुम्हाला ठाऊक आहे, पण त्यातला अर्धा कुठून येतो हे समजलं तर तो विसरला जात नाही आणि उरलेल्या 0.72 टक्क्याचाही उलगडा होतो.

```
dP/P = -ModD * dy + 0.5 * Conv * dy^2
     = -12.47 * 0.02 + 0.5 * 251.23 * 0.0004
     = -24.94% + 5.02%
     = -19.92%
```

ड्युरेशन म्हणजे 7% या बिंदूवरचा उतार. तिथे उभं राहिलं तर यील्ड 1 टक्क्याने वाढल्यावर किंमत 12.47 रुपयांनी उतरते, असा तो वेग आहे. पण यील्ड वाढत जातं तसा वेग कमी होतो. किती कमी, ते कॉन्व्हेक्सिटी सांगते: दर 1 टक्क्याला 2.51 रुपयांनी. म्हणजे 9% ला पोचेपर्यंत वेग 12.47 वरून 5.02 ने कमी होऊन 7.45 झालेला असेल, असा तिचा अंदाज. प्रवासाच्या सुरुवातीला वेग 12.47, शेवटी 7.45, सरासरी 9.96. दोन टक्क्यांचा प्रवास म्हणजे 19.92 रुपये. सूत्रातला अर्धा म्हणजे हीच सरासरी. वेगातली पूर्ण घट पहिल्या पावलापासून लागू होत नसते, म्हणून ती अर्धीच धरायची.

आता 9% ला प्रत्यक्षातला वेग काढून पाहा. तो 7.45 नाही, 8.48 आहे. कॉन्व्हेक्सिटीने गृहीत धरलं की वेग सरळ रेषेत कमी होत जाईल. प्रत्यक्षात तो सुरुवातीला झपाट्याने आणि पुढे सावकाश कमी होतो, कारण यील्ड वाढलं की कॉन्व्हेक्सिटी स्वतःही आटत जाते. 7% वर मोजलेली कॉन्व्हेक्सिटी तुम्ही 9% पर्यंत तशीच वापरली, म्हणून दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली. उरलेले 0.72 टक्के तिथून आले.

याच रोख्याचे वेगवेगळ्या बदलांचे आकडे शेजारी मांडले की चित्र स्पष्ट होतं. बदल टक्क्यांत आहेत, किंमत 100 धरून:

| नवं यील्ड | फक्त ड्युरेशन | कॉन्व्हेक्सिटीसह | खरा बदल |
|---|---|---|---|
| 7.25% | −3.12 | −3.04 | −3.04 |
| 8% | −12.47 | −11.22 | −11.31 |
| 9% | −24.94 | −19.92 | −20.64 |
| 6% | +12.47 | +13.73 | +13.84 |
| 5% | +24.94 | +29.97 | +30.91 |

पाव टक्क्याच्या बदलाला कॉन्व्हेक्सिटी लावली की दोन दशांशांपर्यंत चूक उरतच नाही. 1 टक्क्याला 0.10 च्या आसपास उरते. 2 टक्क्यांना 0.72 आणि 0.94, म्हणजे बदल दुप्पट झाला की उरलेली चूक साधारण आठपट होते. ती बदलाच्या घनाने वाढते. म्हणून प्रत्येक लांब रोख्यासाठी 100 बेसिस पॉइंटची उरलेली चूक एकदा मोजून ठेवली की पुढचा अंदाज बांधता येतो: या रोख्याची 0.10 आहे, तर 200 ला साधारण 0.8, आणि 300 ला पावणेतीन टक्क्यांच्या घरात. 300 च्या बदलाला हे सूत्र वापरूच नये, हे त्यातून आपोआप कळतं.

तक्त्यातली दुसरी गोष्ट जोखीम मोजणाऱ्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे, आणि ती बरेचदा नजरेतून सुटते. यील्ड वाढतं तेव्हा फक्त ड्युरेशनने काढलेला तोटा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. कॉन्व्हेक्सिटी लावल्यावर तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. 10 कोटी दर्शनी मूल्याचा हा रोखा धरा. ड्युरेशन सांगते तोटा 2 कोटी 49 लाख, दुरुस्त आकडा सांगतो 1 कोटी 99 लाख, प्रत्यक्षात होतो 2 कोटी 6 लाख. ड्युरेशनची चूक 43 लाखांची आहे, पण ती सावध बाजूची. कॉन्व्हेक्सिटीनंतरची चूक फक्त 7 लाखांची, पण ती धोक्याच्या बाजूची. मर्यादेच्या काठावर असलेल्या गुंतवणुकीचा ताण-परीक्षणाचा अहवाल करताना दुरुस्त आकड्यात घनाच्या नियमाने आलेली चूक मिळवून मगच तो लिहावा. यील्ड घटताना उलट काळजी नाही: दुरुस्त आकडा नफा थोडा कमीच दाखवतो.

मग 0.72 कसा घालवायचा? सगळ्यात साधा उपाय म्हणजे प्रवास दोन टप्प्यांत करणे. 7% वरून 8% पर्यंत जुन्या ड्युरेशन-कॉन्व्हेक्सिटीने जा: घट 11.22. मग 8% वर दोन्ही पुन्हा काढा. तिथे वेग 10.24 रुपये आहे आणि वेगातली घट 1.98, म्हणून दुसऱ्या टप्प्याची घट 10.24 वजा 0.99, म्हणजे 9.25. एकूण 20.47. चूक 0.72 वरून 0.17 वर आली. आकडे रुपयांत धरले आहेत हे लक्षात घ्या. दुसऱ्या टप्प्यात टक्केवारी वापरायची असेल तर ती 8% वरच्या किमतीची टक्केवारी असते, 100 ची नव्हे. पहिल्या टप्प्याची 11.22% आणि दुसऱ्याची टक्केवारी सरळ बेरजेत टाकली की नवी चूक तयार होते, आणि ती पद्धतीच्या मर्यादेपेक्षा मोठी असते.

खरं सांगायचं तर, एकच रोखा आहे आणि त्याची तारीख व कूपन हाताशी आहे, तर 200 बेसिस पॉइंटसाठी अंदाज बांधूच नये. PRICE ने थेट किंमत काढावी. कॉन्व्हेक्सिटीची खरी गरज दोन ठिकाणी पडते. एक, जेव्हा हातात फक्त सारांश असतो: फंडाची किंवा पोर्टफोलिओची ड्युरेशन आणि कॉन्व्हेक्सिटी, एकेका रोख्याचा तपशील नाही. दोन, जेव्हा सारख्या ड्युरेशनचे दोन पर्याय तुलनेला असतात आणि मोठ्या बदलात कोणता कसा वागेल हे जाणायचं असतं. 5 वर्षांच्या रोख्यात मात्र मर्यादेची चिंता नाही. तिथे 200 बेसिस पॉइंटला दुरुस्त घट 7.90% येते आणि खरी 7.91%.

एक्सेलमध्ये ड्युरेशनसाठी MDURATION आहे, कॉन्व्हेक्सिटीसाठी तयार फंक्शन नाही. 60 ओळी मांडायच्या नसतील तर यील्ड थोडं वर, थोडं खाली हलवून तीन किमतींतून ती काढता येते. B1 मध्ये व्यवहारपूर्तीची तारीख, B2 मध्ये मुदतपूर्तीची. शेवटचा 4 हा आकडा महिन्याला 30 आणि वर्षाला 360 दिवस धरण्याच्या युरोपीय पद्धतीचा. आपल्या सरकारी रोख्यांना तीच लागते.

```
D1: =PRICE(B1,B2,7%,7%,100,2,4)
D2: =PRICE(B1,B2,7%,7.1%,100,2,4)
D3: =PRICE(B1,B2,7%,6.9%,100,2,4)
D4: =(D2+D3-2*D1)/(D1*0.001^2)
```

D4 मध्ये 251.25 च्या जवळपास आकडा यायला हवा. इथे यील्ड किती हलवायचं हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. किंमत चार दशांशांत गोल करायची पद्धत असल्याने अनेक शीटमध्ये PRICE च्या भोवती ROUND लावलेलं असतं. 10 बेसिस पॉइंटच्या बदलाला गोल किमती 98.7652 आणि 101.2599 येतात, बेरीज 200.0251, कॉन्व्हेक्सिटी 251. छान. पण 1 बेसिस पॉइंट घेतला तर किमती 99.8754 आणि 100.1248 होतात, बेरीज 200.0002, आणि कॉन्व्हेक्सिटी थेट 200 दिसते. वजाबाकीत उरणारी रक्कमच 0.00025 आहे आणि तुम्ही ती चार दशांशांत मोजता आहात, मग दुसरं काय होणार? ड्युरेशनसाठी 1 बेसिस पॉइंट चालतो, कॉन्व्हेक्सिटीसाठी नाही. उलट 200 बेसिस पॉइंटने हलवलं तर 256.8 येते, कारण त्यात वरच्या घातांच्या चुका मिसळतात. ROUND काढून टाका आणि 10 ते 25 च्या दरम्यान राहा.

तुमच्या उदाहरणात पूर्ण 30 वर्षं उरली आहेत, म्हणजे कूपन नुकतंच मिळालं आहे आणि जमा व्याज शून्य. प्रत्यक्षात असं क्वचितच असतं. PRICE जी किंमत देतं ती जमा व्याज वगळून. MDURATION मात्र जमा व्याजासह पूर्ण किंमत धरून ड्युरेशन काढतं. कूपन मिळून चार महिने झाले असतील तर जमा व्याज 2.33 रुपये असतं. अशा वेळी D4 मधल्या भाजकात D1 ऐवजी D1 अधिक जमा व्याज घ्यायचं. वरच्या वजाबाकीत फरक पडत नाही, कारण जमा व्याज यील्डवर अवलंबून नसतं. टक्क्यांत आलेला बदलही त्या पूर्ण किमतीलाच लावायचा. ड्युरेशन पूर्ण किमतीवरची आणि गुणाकार व्याज वगळलेल्या किमतीशी, अशी सरमिसळ झाली की 25 टक्क्यांच्या बदलात 2.33 रुपयांवर सुमारे 58 पैसे इकडेतिकडे होतात. तेवढं तर कॉन्व्हेक्सिटीच्या उरलेल्या चुकीच्या जवळ जातं, आणि मग चूक कशाची हे शोधण्यात दिवस जातो.

कॉन्व्हेक्सिटी तुम्ही स्वतः काढली नसेल, कुठल्या स्क्रीनवरून किंवा फंडाच्या पत्रकातून घेतली असेल, तर तिची पट्टी कोणती हे आधी तपासा. काही ठिकाणी तीच 251.23 ही 100 ने भागून 2.51 अशी दाखवतात. काही जुन्या पाठ्यपुस्तकांत सूत्रातला अर्धा आधीच आत घेतलेला असतो, तिथे ती 125.6 दिसते. तिला पुन्हा अर्ध्याने गुणलं तर दुरुस्ती निम्मीच होते. ओळखायची पद्धत सोपी आहे. एका माहीत असलेल्या रोख्याची 100 बेसिस पॉइंटची खरी किंमत काढा. खरा बदल आणि ड्युरेशनचा बदल यांतला फरक, वर आणि खाली दोन्ही बाजूंचा, याची सरासरी घ्या. आपल्या रोख्यात तो वर 1.16 आणि खाली 1.37 आहे, सरासरी 1.26. तुमच्या पट्टीतून दुरुस्ती 1.26 येत असेल तर ती बरोबर. 2.51, 0.63 किंवा 0.0126 येत असेल तर नेमकी कोणती चूक आहे हे त्या आकड्यावरूनच कळतं. dy टक्क्यांत (2) घातलं की दशांशात (0.02), हेही इथेच उघडं पडतं, कारण वर्ग करताना 4 आणि 0.0004 यांत दहा हजार पटींचा फरक आहे.

पोर्टफोलिओचा सारांश वापरताना आणखी एक अडचण असते, आणि कॉन्व्हेक्सिटी कितीही बारकाईने काढली तरी ती सुटत नाही. बाजारमूल्याच्या प्रमाणात काढलेली सरासरी ड्युरेशन आणि सरासरी कॉन्व्हेक्सिटी तेव्हाच चालते, जेव्हा सगळ्या मुदतींचं यील्ड सारखंच हलतं. रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर 4% वरून 6.50% वर नेला. त्या काळात 10 वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड त्याच्या अर्ध्यानेही वाढलं नाही, लहान मुदतीचं मात्र बरंच जास्त वाढलं. निम्मी रक्कम 5 वर्षांच्या आणि निम्मी या 30 वर्षांच्या रोख्यात आहे असं धरा. सरासरी ड्युरेशन 8.32, सरासरी कॉन्व्हेक्सिटी 136. आता 5 वर्षांचं यील्ड 2 टक्क्यांनी आणि 30 वर्षांचं 1 टक्क्याने वाढलं. सरासरी दीड टक्का धरून दुरुस्तीसह घट 10.94% निघते. प्रत्यक्षात एकात 7.91% आणि दुसऱ्यात 11.31%, म्हणजे एकूण 9.61%. ही 1.33 टक्क्यांची चूक कॉन्व्हेक्सिटीची नाही, पण अहवालात ती तिच्याच नावावर मांडली जाते. यावर उपाय एकच: मुदतीनुसार गट पाडा, प्रत्येक गटाला त्याचा बदल द्या, दुरुस्ती गटागटाने करा आणि मग बेरीज करा.

शेवटी, हे सगळं कूपन आणि मुद्दल ठरलेल्या रोख्यांपुरतं आहे. कॉल ऑप्शन असलेल्या रोख्याला, म्हणजे बँकांचे अतिरिक्त टियर-1 रोखे किंवा कंपन्यांचे मुदतीआधी परत घेता येणारे रोखे, 60 ओळींचा तक्ता लावू नका. यील्ड घसरलं की असा रोखा परत घेतला जाण्याची शक्यता वाढते आणि किंमत कॉलच्या किमतीजवळ अडते. यील्ड वाढलं की कॉल होत नाही, मुदत लांबते आणि घट वेगाने होते. तिथे दुरुस्तीचं चिन्हच उलटू शकतं: दुरुस्ती तोटा कमी करण्याऐवजी वाढवते. अशा रोख्यांसाठी वर दिलेलं तीन किमतींचंच सूत्र वापरायचं, पण किमती PRICE मधून न घेता ऑप्शन धरणाऱ्या मॉडेलमधून घ्यायच्या. आणि यील्ड 10 बेसिस पॉइंटने न हलवता 50 किंवा 100 ने हलवायचं, नाहीतर मॉडेलच्या आकड्यांतला खडबडीतपणाच कॉन्व्हेक्सिटी म्हणून दिसतो. वर आणि खाली नेलेल्या दोन किमतींची बेरीज मूळ किमतीच्या दुपटीपेक्षा कमी आली, तर त्या पातळीवर कॉन्व्हेक्सिटी ऋण आहे.